सगळंच अर्जंट? हॉटेलच्या मेंटेनन्स डेस्कवर खरी घाई कशी ओळखायची

डिसेंबरात गोव्यातल्या कुठल्याही मध्यम हॉटेलचा मेंटेनन्सचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन, बँक्वेट, सगळ्यांच्या मेसेजच्या पुढे एकच शब्द असतो: अर्जंट. काही जण तो तीनदा लिहितात आणि वर लाल दिवा टाकतात. काम करायला मात्र माणसं दोनच, एक इलेक्ट्रिशियन जो एसीही बघतो आणि एक प्लंबर. अशा वेळी कामं बहुतेक ठिकाणी तीनपैकी एका पद्धतीनं होतात: जो आधी बोलला त्याचं आधी, जो मोठ्यानं बोलला त्याचं आधी, नाहीतर ज्याचा हुद्दा मोठा त्याचं आधी. तिन्हींचा खऱ्या घाईशी संबंध योगायोगानंच येतो.

मागणाऱ्याला खोटं बोलायचं असतं असं नाही. त्याच्यासमोर पाहुणा उभा असतो, त्याला त्याची एक खोली दिसते, इतरांच्या पाच अडचणी दिसत नाहीत. शिवाय मागच्या वेळी साधा मेसेज टाकला तेव्हा काम दोन दिवस पडून राहिलं होतं, हेही त्याच्या लक्षात असतं. म्हणून ‘अर्जंट’ हा शब्द त्याच्या काळजीची पावती समजावा. रांग ठरवायला त्याचा उपयोग नाही. रांग ठरते दोन गोष्टींवर: काम झालं नाही तर काय बिघडेल, आणि ते घड्याळात किती वाजता बिघडेल.

आधी रांगेबाहेरची कामं वेगळी काढा

काही तक्रारींना हिशेब लावत बसायचं नसतं. गॅसचा वास, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस, कुठेही बसलेला विजेचा झटका, इलेक्ट्रिक पॅनेलजवळ झिरपणारं पाणी, फायर अलार्म किंवा फायर पंप बंद पडणं. इथे हातातलं काम सुरक्षित करून ठेवायचं आणि निघायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वास आल्यावर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालू-बंद करायचं नाही, व्हॉल्व्ह बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या आणि १९०६ या हेल्पलाइनला कळवायचं. हे टेक्निशियन पोहोचायच्या आधी किचनमधल्या माणसाला करता आलं पाहिजे.

गंमत अशी, की या यादीतल्या तक्रारी पुष्कळदा ‘अर्जंट’ न लिहिता येतात. ‘३०५ मध्ये मोबाइल चार्ज होत नाही, एमसीबी सारखा पडतो’ हा मेसेज वाचायला किरकोळ वाटतो. पण पडतोय तो एमसीबी आहे की शेजारचा आरसीसीबी, हे विचारलंच पाहिजे. एमसीबी जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किटनं पडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो तेव्हा वीज कुठेतरी जमिनीकडे गळत असते, आणि खोलीत ती जागा बहुधा गीझर किंवा किटली असते. तो पुन्हापुन्हा वर करून बघणं, किंवा ‘पाहुणा ओरडतोय’ म्हणून तो बायपास करणं, यासारखा धोका नाही. तेव्हा तक्रारीची भाषा कितीही मवाळ असली तरी ती वस्तू कोणती आहे ते बघूनच ती रांगेत घ्यायची की बाहेर ठेवायची ते ठरवा.

मागणाऱ्याला तीन प्रश्न

बाकी प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारायचे. तेच शब्द, त्याच क्रमानं, सगळ्यांना. जीएमनासुद्धा.

पहिला: हे काम झालं नाही तर कोणाचं, नेमकं काय अडेल? ‘पाहुणा नाराज होईल’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण ते सगळ्याच कामांना लागू पडतं. खोली विकता येणार नाही, माल टाकावा लागेल, कार्यक्रम अंधारात होईल, खालच्या खोलीच्या छतातून पाणी पडेल, असं काहीतरी डोळ्यांनी दिसणारं हवं.

दुसरा: ते किती वाजता अडेल? इथे ‘लगेच’, ‘आत्ता’, ‘लवकरात लवकर’ ही उत्तरं घ्यायची नाहीत. लोकांना थेट वेळ सांगता येत नाही, म्हणून प्रश्न उलटा विचारा: ‘मॅडम, हे बाराऐवजी चारला झालं तर काय बिघडेल?’ समोरचा जर म्हणाला, ‘चारला चालेल, पण पाचला पाहुणा येतोय’, तर वेळ सापडली. ‘अहो चार काय, पाहुणा आत्ता खोलीत उकाड्यात बसलाय’ म्हणाला, तर तीही सापडली. या एका प्रश्नावर निम्म्या मागण्यांची घाई मागणारा स्वतःच कमी करतो, आणि त्याला ते अपमानास्पद वाटत नाही.

तिसरा: तोवर काय करून भागेल? खोली बदलून देता येईल का, माल दुसरीकडे हलवता येईल का, टेबल फॅन चालेल का. हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ तोच मिळवून देतो. तात्पुरती सोय झाली की नुकसान तेवढंच राहतं, पण बिघडण्याची वेळ पुढे सरकते.

ही तीन उत्तरं मेसेजमध्येच आली तर उत्तम. ग्रुपवर पिन करून ठेवायचा नमुना साधा असावा: ‘जागा – काय बिघडलंय – किती वाजेपर्यंत हवं आणि त्या वेळी काय आहे – तोवर सोय आहे का’. यापेक्षा लांब फॉर्म सीझनमध्ये कोणी भरत नाही.

दिलेली वेळ आणि खरी वेळ

मागणारा सांगतो ती वेळ क्वचितच खरी असते. पुष्कळदा ती सोयीची म्हणून अलीकडची असते. कधी कधी मात्र खरी वेळ त्यानं सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी येऊन ठेपलेली असते आणि त्याला ते माहीत नसतं. हा दुसरा प्रकार महाग पडतो.

समजा दुपारी चार वाजता जमिनीखालच्या संप-टाकीवरचा पंप बंद पडला आणि गच्चीच्या टाकीत ५,००० लिटर पाणी उरलंय. हॉटेलात १२० पाहुणे आहेत. इमारतींच्या पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानकात हॉटेलसाठी माणशी दिवसाला १८० लिटर धरतात. म्हणजे दिवसाचे २१,६०० लिटर, तासाला ९००. या हिशेबानं पाणी रात्री साडेनऊपर्यंत पुरेल असं वाटतं, आणि पंपवाला म्हणतो, ‘रात्रीपर्यंत बघू.’ पण पाणी तासाला ९०० असं सरळ रेषेत जात नाही. चार ते सहा लोक समुद्रावर असतात, तेव्हा फार तर हजारेक लिटर जातील. सहा ते आठ सगळे वाळूनं भरून परत येतात आणि अंघोळ करतात. माणशी ४० लिटर धरले तरी दोन तासांत ४,८०० लिटर हवेत, टाकीत उरलेत ४,०००. टाकी पावणेआठच्या आसपास कोरडी पडणार, निम्मे पाहुणे साबण लावून उभे असताना. आणि पंप दुरुस्त होईल की नाही हे सहाला कळलं, तर सीझनमध्ये त्या वेळी टँकर मिळणं कठीण. म्हणून इथे दुरुस्तीची वेळ साडेसात असली, तरी टँकरवाल्याला फोन करायची वेळ चारच आहे.

गोव्यात आणखी एक छुपी वेळ हमखास आडवी येते: दुकानांची दुपारची सुट्टी. म्हापसा असो की मडगाव, स्पेअर पार्टची बरीच दुकानं एकच्या सुमारास शटर ओढतात ती तीन-साडेतीनलाच उघडतात. रविवारी बहुतेक बंदच. त्यामुळे शनिवारी ज्या कामाला पार्ट लागणार आहे, त्याचं निदान सकाळी अकरा-साडेअकराच्या आत झालं पाहिजे, मग ते काम प्रत्यक्षात संध्याकाळी करायचं का असेना.

त्याचप्रमाणे नुकसान कसं वाढतं तेही बघावं. काही कामांत उशीर झाला तर तासागणिक थोडं थोडं नुकसान होतं: गळता नळ, नीट थंड न होणारा लॉबीचा एसी. काहींत एका ठरावीक क्षणापर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं: संध्याकाळी सातच्या रिसेप्शनसाठी लॉनवरचे दिवे. पहिल्या प्रकारचं काम नेहमी जास्त घाईचं वाटतं, कारण त्रास आत्ता दिसतो. दुसऱ्या प्रकारचं दुपारपर्यंत कोणालाच घाईचं वाटत नाही, आणि सहाला सगळे धावतात.

शेवटची सुरुवात

आता मुख्य हिशेब. बिघडण्याची वेळ कळली म्हणून काम कधी करायचं ते कळत नाही. ‘हे काम जास्तीत जास्त किती वाजता सुरू केलं तर चालेल’ ते काढावं लागतं:

```
शेवटची सुरुवात = बिघडण्याची वेळ − हातानं लागणारा वेळ − वाट पाहण्याचा वेळ
```

हातानं लागणारा वेळ म्हणजे टेक्निशियन तिथे गुंतलेला असतो तो. वाट पाहण्याचा वेळ म्हणजे पार्ट येणं, सिलिकॉन वाळणं, बर्फ वितळणं, नंतर हाउसकीपिंगची सफाई. हे दोन वेगळे लिहायचं कारण असं की वाट पाहण्याच्या वेळात तोच माणूस दुसरं काम करू शकतो. आणि हातानं लागणारा वेळ टेक्निशियनलाच विचारा, मग त्यात पाव वेळ आणखी धरा. शिडी आणणं, पाहुण्याची परवानगी घेणं, हत्यारं गोळा करणं हे कोणीच मोजत नाही.

कारणच माहीत नसेल तर वेळ कुठून सांगणार? अशा कामाला आधी १५ मिनिटं फक्त बघण्यासाठी द्या. नुसतं बघून आलं तरी चित्र पालटतं: एक तासाचं वाटलेलं काम दहा मिनिटांचं निघतं, किंवा पार्टशिवाय होणारच नाही हे कळतं.

मग कामं शेवटच्या सुरुवातीच्या क्रमानं लावायची. परिणाम किती मोठा, हा प्रश्न इथे अजून येत नाही. तो येतो दोन कामांच्या वेळा एकमेकांवर चढल्या आणि दोन्ही होणं शक्यच नाही तेव्हा. कोणतं सोडायचं, ते परिणाम ठरवतो. आयटीच्या हेल्पडेस्कमध्ये परिणाम आणि घाई यांचा चौकोनी तक्ता करून पी-१, पी-२ असे शिक्के देतात. येणाऱ्या तक्रारींची वर्गवारी करायला तो ठीक आहे, पण दोन माणसांचा दिवस त्यावर आखता येत नाही. त्यात रात्री आठची मोठी अडचण दुपारी एकच्या लहान अडचणीच्या पुढे जाऊन बसते, आणि मग लहान अडचण विनाकारण बिघडते. खरं तर दोन्ही सहज झाल्या असत्या.

एका शनिवारचा हिशेब

कळंगुट भागातलं ऐंशी खोल्यांचं हॉटेल, डिसेंबरातला शनिवार, सकाळी दहा. एक इलेक्ट्रिशियन, एक प्लंबर. सहा मेसेज, त्यातले पाच अर्जंट.

फ्रंट ऑफिस म्हणतं, २१४ चा एसी थंड करत नाही, व्हीआयपी पाहुणा आहे. विचारल्यावर कळतं की पाहुणा मोपाच्या विमानतळावरून संध्याकाळी पाचला पोहोचतोय आणि खोली आत्ता रिकामी आहे. किचन म्हणतं, वॉक-इन चिलर ९ अंश दाखवतोय. बँक्वेटला लॉनवरचे दिवे हवेत, रिसेप्शन सातला. हाउसकीपिंगची १०८ च्या फ्लश टँकची तक्रार आहे, पाणी थांबतच नाही, आणि ही खोली दोनच्या चेक-इनला दिली आहे. जीएमच्या केबिनमधला दिवा लुकलुकतोय. आणि ३०५ चा तो पडणारा स्विच, जो आरसीसीबी निघाला.

बँक्वेटला ‘सातऐवजी कधी चालेल’ असं न विचारता ‘तुमच्या आधी लॉनवर कोण येतंय?’ असं विचारलं, तर कळतं की डेकोरेटर तीनला कार्पेट टाकणार आहे. नंतर केबल उकरता येणार नाही. म्हणजे खरी वेळ तीन.

चिलरला किचनचं तापमानाचं रजिस्टर कामी येतं. आठच्या नोंदीत ५ अंश आहे, दहाच्या नोंदीत ९. मासे, कोळंबी, दूध ५ अंशांच्या वर चार तासांहून जास्त राहिलं तर ठेवण्यात अर्थ नाही. घड्याळ आठला सुरू झालं असं धरायचं, म्हणजे बारा वाजता माल जाणार. सहा मेसेजपैकी हा एकच आकडा लिहून ठेवलेला होता, आणि त्यामुळेच इथे वाद झाला नाही.

इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरसाठी मिळून तक्ता असा होतो:

| काम | कधी बिघडतं | हाताचा वेळ | वाट पाहणं | शेवटची सुरुवात |
|---|---|---|---|---|
| ३०५ आरसीसीबी | सुरक्षा | १५ मिनिटं तपासायला | – | आत्ता |
| चिलर | १२:०० | ३० मिनिटं निदान | माल हलवायला २० मिनिटं | ११:१० |
| २१४ एसी, निदान | दुकान १:०० ला बंद | १५ मिनिटं | गाडीची वाट ४५ मिनिटं, वर अर्धा तास राखीव | ११:३० |
| १०८ फ्लश | २:०० | ३० मिनिटं | सफाई ४५ मिनिटं | १२:४५ |
| लॉनचे दिवे | ३:०० | २ तास | – | १:०० |
| २१४ एसी, दुरुस्ती | ५:०० | ४५ मिनिटं | सफाई ३० मिनिटं | ३:४५ |
| जीएमची केबिन | सोमवारची मीटिंग, ११:०० | १५ मिनिटं | – | सोमवार १०:४५ |

२१४ चं एक काम दोन ओळींत आलं आहे, याकडे लक्ष द्या. पाहुणा पाचला येणार असला तरी पार्टची वेळ सकाळी साडेअकरालाच संपते. ‘पाचला येतोय ना, मग जेवणानंतर बघू’ असं म्हटलं असतं, तर दोनला एसी उघडून कपॅसिटर गेलेला दिसला असता आणि दुकान बंद.

प्लंबर दहाला थेट १०८ मध्ये जातो, त्याचा प्रश्न संपला. इलेक्ट्रिशियनचा दिवस असा चालतो. १०:०० ला ३०५: गीझरची जोडणी काढल्यावर आरसीसीबी टिकतो, म्हणजे गळती गीझरच्या एलिमेंटमधून आहे. गीझर बंद, त्यावर चिठ्ठी, पाहुण्याला फ्रंट ऑफिसनं कळवायचं. गरम पाणी संध्याकाळी सहाला लागणार, तोवर एलिमेंट बदलू. १०:१५ ला चिलर: एव्हॅपोरेटरवर बर्फाचा थर, पंखा फिरतो पण हवा बाहेर येत नाही. डिफ्रॉस्ट टायमर अडकलाय. किचनची माणसं तोवर मासे आणि दूध बर्फाच्या पेट्यांत आणि दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवतात. आता बाराची वेळ संपली, नवी वेळ चार, कारण संध्याकाळच्या बुफेची तयारी चारला सुरू होते. टायमर हातानं डिफ्रॉस्टवर फिरवून इलेक्ट्रिशियन निघतो. बर्फ वितळताना तिथे उभं राहायची गरज नाही.

१०:४५ ला २१४: कपॅसिटर फुगलाय. त्यावरचा आकडा वाचून लिहून घेतला, ३५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. फोटोही पाठवला, कारण दुकानदाराला तोंडी आकडा सांगितला की चुकीचा माल येतो. ११:०० ला ड्रायव्हर म्हापशाला निघाला, हातात तीन वस्तूंची यादी: कपॅसिटर, डिफ्रॉस्ट टायमर, गीझरचं एलिमेंट. तीन निदानं आधी झाली म्हणून एकच फेरी. लॉनवर काम सुरू झालं ११:०० लाच, शेवटच्या सुरुवातीच्या दोन तास आधी.

बारा वाजून पंधरा मिनिटांनी फ्रंट ऑफिसचा फोन: २१४ चे पाहुणे आधीच्या विमानानं आलेत, एकला पोहोचतायत. अशा क्षणी बहुतेक ठिकाणी आराखडा कोलमडतो. इथे फक्त बेरीज-वजाबाकी करायची. लॉनचं काम ४५ मिनिटांचं उरलंय, वेळ तीनपर्यंत आहे, म्हणजे हातात दोन तास मोकळे. पार्ट साडेबाराला येतोय. लॉनच्या उघड्या जोडण्या टेप करून तो सर्किट बंद करायला दहा मिनिटं, मग १२:३० ते १:१५ एसी, पावणेदोनपर्यंत सफाई. फ्रंट ऑफिसला उत्तर: ‘खोली पावणेदोनला मिळेल. तोवर पाहुण्यांना जेवायला बसवा.’ १:१५ ते २:०० लॉन पुरं. २:०० ते २:२० चिलरचा टायमर बदलून चालू, म्हणजे चारपर्यंत तो पुन्हा ५ अंशांवर यायला दीड तासाहून जास्त वेळ मिळतो. मग इलेक्ट्रिशियनचं जेवण. जेवणाची वेळही तक्त्यात लिहा. नाहीतर ती गृहीत धरली जाते आणि प्रत्येक अंदाज अर्ध्या तासानं चुकतो. तीनला ३०५ चं एलिमेंट, आणि नंतर वेळ उरला तर जीएमची केबिन सोमवारची वाट न बघता आजच.

याच जागी लॉनचं काम फुगून अडीच तासांचं उरलं असतं तर? मग परिणामाचा प्रश्न आला असता: लॉन सोडायचं की २१४? पाहुण्याला २१६ देता येते, लॉनला पर्याय नाही. म्हणून लॉन.

कुठे फसतं

टेक्निशियनला कॉरिडॉरमध्ये थांबवून ‘दोन मिनिटं हे बघून जा’ म्हणणं हा सगळ्यात मोठा गळका भाग. दोन मिनिटांची वीस होतात आणि कुठे गेली ते कोणालाच कळत नाही. टेक्निशियनला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याला एक वाक्य द्या: ‘ग्रुपवर टाका, डेस्क वेळ सांगेल.’ आणि डेस्कनं खरंच पंधरा मिनिटांत वेळ सांगितली पाहिजे. उत्तर मिळत नाही तोवर लोक अर्जंटच लिहीत राहणार. उत्तरात ‘बघतो’ नको, वेळ हवी: ‘१०८, साडेदहापर्यंत’. उशीर होणार असेल तर ती वेळ उलटायच्या आधी नवी वेळ कळवा.

वरून फोन आला तर काम नाकारायचं नाही, किंमत सांगायची. ‘सर, केबिन आत्ता घेतो, मग लॉन सव्वातीनला संपेल आणि डेकोरेटर पंधरा मिनिटं थांबेल. चालेल ना?’ निर्णय त्यांचा, आकडा आपला. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘अरे नको, नंतर कर.’

एकाच विभागाकडून चार अर्जंट आले तर त्यांची रांग आपण लावू नये. प्रत्येक विभागाला एका वेळी एकच लाल काम, हा नियम ठेवा. दुसरं लाल हवं असेल तर पहिलं कमी करायचं. हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला कोणती खोली आधी हवी ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, फक्त तिला निवडायला कोणी सांगत नाही.

वेळच नसलेली कामं या पद्धतीत कायमची मागे पडतात, हा तिचा खरा दोष आहे. झिजलेलं गॅस्केट, गंजलेला आउटडोअर युनिटचा ब्रॅकेट, खाऱ्या वाऱ्यानं चोंदलेली कॉइल. यांना बिघडण्याची वेळ नाही, म्हणून ती कधीच वर येत नाहीत, आणि एका शनिवारी एकदम रांगेबाहेरच्या यादीत येतात. त्यांच्यासाठी आठवड्यातले दोन तास कायमचे बांधून ठेवा, मंगळवारी दुपारी वगैरे, जेव्हा खोल्या कमी भरलेल्या असतात. त्या दोन तासांत ग्रुपवरचं काम घ्यायचं नाही, रांगेबाहेरचं सोडून.

दर पंधरा दिवसांनी जुने मेसेज घेऊन बसा आणि मागितलेल्या वेळेनंतर झालेली कामं बाजूला काढा. प्रत्येकापुढे एकच नोंद: उशीर झाल्यावर खरंच काही बिघडलं का? एखाद्या विभागाच्या दहापैकी आठ कामांत काहीच बिघडलं नसेल, तर त्यांच्या वेळा फुगवलेल्या आहेत. ते त्यांना आकड्यासह, एकट्यात सांगा, ग्रुपवर नाही. उलट ज्या कामात वेळेआधीच नुकसान झालं, तिथे आपला तिसरा किंवा दुसरा प्रश्न विचारायचा राहिला होता. ती कामं जास्त नीट बघा. त्याच यादीत तोच पार्ट तीनदा आलेला दिसला, तर सीझनच्या आधी, ऑक्टोबरातच, त्याचे दोन-दोन नग स्टोअरमध्ये आणून ठेवा. एसीचे कपॅसिटर, गीझरची एलिमेंट, फ्लशचे व्हॉल्व्ह: एवढे तीन डबे भरलेले असले तर शनिवारच्या म्हापशाच्या बऱ्याच फेऱ्या वाचतात.